ताप गेला, पण पाळी का आली नाही? आजारपण, लस आणि पुढं सरकलेल्या तारखा

आजचा एपिसोड एका स्क्रीनशॉटवरून सुचला. मागच्या पावसाळ्यात सेलूहून माझ्या मावसबहिणीनं रात्री साडेअकराला मला तो पाठवला. पाळीच्या ॲपवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'तुमची पाळी ८ दिवस उशिरा आहे.' आणि खाली तिचा मेसेज, "ताई, मला काही झालंय का गं? आईला सांगू का नको?"

तिला नुकताच टायफॉईड होऊन गेला होता. आपल्याकडं जुनी माणसं मुदतीचा ताप म्हणतात ना, तोच. ताप गेला, रिपोर्ट चांगले आले, पण पाळीचा पत्ता नाही. घरात कुजबुज सुरू, शेजारच्या काकूंनी मेडिकलमधून 'पाळी आणायची गोळी' आणून द्यायची तयारी दाखवलेली. त्या गोळीवर पुढं बोलूच.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण ते ॲप तारीख कशी काढतं हे मला कळतं, आणि शरीर तारीख कशी काढतं हे मी त्या निमित्तानं नीट वाचलं, माझ्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीकडून तपासूनही घेतलं. तेव्हा लक्षात आलं की दोघांचा हिशोबच वेगळा आहे. ही एक गोष्ट समजली की निम्मी भीती जाते. आणि उरलेली निम्मी कधी खरी धरायची, तेही कळतं.

ॲप मागून मोजतं, शरीर मधून मोजतं

ॲप काय करतं? तुमच्या मागच्या पाळीची तारीख घेतं, त्यात तुमची सरासरी मिळवतं आणि पुढची तारीख सांगतं. बहिणीची पाळी १ ऑगस्टला आली होती आणि तिचं चक्र असतं २९ दिवसांचं. १ ऑगस्ट अधिक २९, म्हणजे ३० ऑगस्ट. ३० तारखेला पाळी आली नाही की ॲप उशीर मोजायला लागतं. त्याला टायफॉईड माहीत नाही.

शरीराचं तसं नाही. पाळी कधी येणार हे मागच्या पाळीवरून ठरत नाही, ते ठरतं मधल्या एका घटनेवरून, ती म्हणजे अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडणं. बीज सुटलं की तिथून साधारण १२ ते १४ दिवसांनी पाळी येते. हा दुसरा भाग बहुतेक बायकांत बराचसा पक्का असतो. लांबतो किंवा आखडतो तो पहिला भाग, म्हणजे पाळीपासून बीज सुटेपर्यंतचा.

थोडक्यात, पाळी 'उशिरा' आली म्हणजे बहुतेक वेळा बीजच उशिरा सुटलं. पाळी त्याच्यामागून आपल्या वेळेवरच आली.

ताप यात कुठं येतो?

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. अंगाचं तापमान किती ठेवायचं, हे तोच ठरवतो. ताप येतो तेव्हा याच भागानं तापमान मुद्दाम वर चढवलेलं असतं. आणि पाळीचं चक्रही तिथूनच चालतं. बीज वाढायच्या दिवसांत हा भाग दर तास-दीड तासाला एका हार्मोनचा छोटा ठोका पाठवत असतो. त्या ठोक्यांवर पुढची साखळी हलते आणि अंडाशयात बीज मोठं होतं.

जोराचं इन्फेक्शन झालं की शरीर जी लढाईची रसायनं सोडतं, ती हे ठोके मंद करतात. त्यात चार-पाच दिवस नीट जेवण नाही, झोप नाही, ताणाचे हार्मोन वाढलेले. मग शरीर बीज सोडायचं काम थांबवून ठेवतं. आजारी असताना गर्भ राहायला नको, अशी ती जुनी नैसर्गिक सोय आहे. बिघाड म्हणून त्याकडं बघायची गरज नाही.

आता बहिणीचं गणित मांडू. पाळी १ ऑगस्टला आली. सगळं ठीक असतं तर बीज १६ ऑगस्टच्या आसपास सुटलं असतं आणि ३० ला पाळी आली असती. पण ९ ऑगस्टला ताप चढला, १०३-१०४ पर्यंत गेला, आणि १८ ला उतरला. म्हणजे ताप नेमका बीज तयार व्हायच्या दिवसांत आला. चार किलो वजनही उतरलं. ठोके मंदावले, १६ तारीख तशीच निघून गेली.

शेवटी तिची पाळी आली १० सप्टेंबरला, म्हणजे ११ दिवस उशिरा. आता १० सप्टेंबरपासून १४ दिवस मागं जा. २७ ऑगस्ट येतो. म्हणजे ताप उतरल्यावर साधारण ९ दिवसांनी बीज सुटलं असावं. शरीर सावरलं, थांबलेलं काम पुन्हा हाती घेतलं, आणि मग पाळी आली. ते चक्र ४० दिवसांचं झालं.

समजा तोच ताप तिला २२ ऑगस्टला आला असता तर? तोवर बीज सुटून गेलेलं होतं. मग पाळी बहुधा ३० तारखेच्या आसपासच आली असती. फार तर दोन-तीन दिवस इकडंतिकडं, थोडं आधी डाग दिसणं किंवा रक्त कमीजास्त जाणं. म्हणूनच एकाच घरात दोघींना एकच ताप येतो, एकीची पाळी दोन आठवडे लांबते आणि दुसरीला काहीच होत नाही. ताप आला तेव्हा चक्राचा कितवा दिवस होता, यावर ते अवलंबून असतं.

पुढचे दोन महिने

'ताई, आता दर वेळी असंच होणार का?' हा तिचा पुढचा प्रश्न. उत्तर तिच्याच तारखांमध्ये आहे. पुढची पाळी ११ ऑक्टोबरला आली, म्हणजे ३१ दिवसांनी. त्यानंतरची ९ नोव्हेंबरला, म्हणजे २९ दिवसांनी. एक चक्र लांबलं, दुसरं जवळपास ठीक, तिसरं पूर्ववत. साध्या जोराच्या तापानंतर साधारण असंच घडतं.

इथं एक चूक बरेच जण करतात. तारीख १० सप्टेंबरला सरकली की पुढची पाळी १० सप्टेंबरपासूनच मोजायची. जुनी '३० तारीख' धरून बसलात तर पुढचे सहा महिने तुम्हाला पाळी उशिराच वाटत राहील.

आणि ॲपची गंमत सांगते. तिच्या ॲपनं शेवटच्या तीन चक्रांची सरासरी काढली. २९, २९ आणि ४० मिळून जवळजवळ ३३. मग त्यानं सांगितलं, पुढची पाळी १३ ऑक्टोबरला. एका आजारपणानं सरासरी बिघडवली. आम्ही डेटामध्ये अशा वेळी सरासरी न घेता मधला आकडा घेतो. तिन्ही आकडे ओळीनं लावले तर मधला २९ च येतो, आणि तिचं नेहमीचं चक्रही तेवढंच आहे. काही ॲपमध्ये एखादं चक्र हिशोबातून वगळायची सोय असते, ती वापरा. आणि नोंदीत 'टायफॉईड, ९ ते १८ ऑगस्ट' असं लिहून ठेवा. डॉक्टरकडं गेलात तर त्या एका ओळीचा लई उपयोग होतो.

लशीचं काय?

आता जरा मागं जाऊ, एप्रिल २०२१ मध्ये. दुसरी लाट, १८ वर्षांवरच्यांना १ मेपासून लस मिळणार म्हणून जाहीर झालेलं. आणि त्याच आठवड्यात सगळ्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरला, की पाळीच्या ५ दिवस आधी आणि ५ दिवस नंतर मुलींनी लस घेऊ नये, कारण तेव्हा प्रतिकारशक्ती कमी असते. आठवतो ना? केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनं २४ एप्रिलला हा मेसेज खोटा असल्याचं सांगितलं. पण तोवर तो परभणीतच काय, आमच्या गल्लीतल्या प्रत्येक फोनमध्ये पोचला होता.

हिशोब करा. आधीचे ५, पाळीचे ५ आणि नंतरचे ५, म्हणजे महिन्यातले १५ दिवस लस बंद. माझ्या काकूनं त्या मेसेजमुळं मिळालेला स्लॉट सोडला. पुढं तीन आठवडे दुसरा मिळाला नाही, आणि मधल्या काळात तिला कोविड झाला. बरी झाली, पण पुढच्या दोन पाळ्या तिच्या पार विस्कटल्या. जे लशीमुळं होईल म्हणून घाबरली होती, ते आजारानं जास्त केलं.

त्या मेसेजमध्ये सांगितलेलं कारण खोटं होतं. पण लशीनं पाळीत काहीच बदल होत नाही, हेही पूर्ण खरं नव्हतं. जगभर बायका सांगत होत्या की लस घेतल्यावर पाळी पुढंमागं झाली, आणि सुरुवातीला कुणी ते मनावर घेतलं नाही. कारण लशीच्या चाचण्यांमध्ये पाळीची नोंदच ठेवलेली नव्हती. 'तुझ्या मनाचे खेळ' असं म्हणून सोडून दिलं की लोक डॉक्टरऐवजी व्हॉट्सॲपवर विश्वास ठेवतात.

मग अभ्यास झाले, आणि तेही पाळीच्या ॲपच्या डेटावर. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या जवळपास ४,००० जणींचा अभ्यास आला. लस घेतलेल्या चक्राची लांबी सरासरी एका दिवसापेक्षाही कमी वाढली होती. दोन्ही डोस एकाच चक्रात घेतले त्यांच्यात ती सुमारे २ दिवस वाढली. या गटात १०० पैकी साधारण १० जणींच्या चक्रात ८ दिवस किंवा जास्त फरक पडला. पण लस न घेतलेल्यांमध्येही १०० पैकी ४ जणींना तेवढा फरक पडला होता. पाळी तशीही कधीकधी हलतेच, हे त्या ४ वरून कळतं.

सप्टेंबर २०२२ मध्ये जवळपास २०,००० जणींचा, अनेक देशांतला अभ्यास आला. त्यात ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाची लस घेतलेल्याही होत्या, म्हणजे आपल्याकडची कोविशील्ड. लशीच्या प्रकारानुसार फरक दिसला नाही. चक्रात एकच डोस घेतलेल्यांची लांबी पुढच्याच चक्रात पूर्ववत झाली. आणि आपल्याकडं तर मे २०२१ मध्ये कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं होतं, त्यामुळं दोन्ही डोस एकाच चक्रात यायचा प्रश्नच नव्हता.

रक्त जास्त जाण्याबद्दल नॉर्वेतला अभ्यास आहे, १८ ते ३० वयाच्या मुलींचा. पहिल्या डोसआधी १०० पैकी साधारण ८ जणींनी नेहमीपेक्षा जास्त रक्त गेल्याचं सांगितलं होतं, डोसनंतर १४ जणींनी. बहुतेकींचं दोन-तीन महिन्यांत, दुसऱ्या डोसच्या वेळेपर्यंत, पुन्हा पहिल्यासारखं झालं.

म्हणजे लशीचा परिणाम खरा आहे, पण छोटा आहे, आणि एका-दोन चक्रांत संपतो. पाळी चालू असताना लस घ्यायला काहीच हरकत नाही.

मोठं आजारपण

कोविडसारख्या आजाराचं पारडं याहून जड असतं. २०२१ च्या सुरुवातीला चीनमधल्या वुहानचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोविडनं दवाखान्यात दाखल झालेल्या, पाळीची नोंद असलेल्या १७७ जणींपैकी सुमारे २८ टक्के जणींचं चक्र बदललं, बहुतेकींचं लांबलं. पण घरी आल्यावर एक-दोन महिन्यांत जवळजवळ सगळ्यांचं चक्र पूर्ववत झालं. काकूचे दोन महिने यात बरोबर बसतात.

आयसीयू, मोठं ऑपरेशन, सात-आठ किलो वजन उतरणं, असं असेल तर दोन-तीन महिने पाळी न येणंही घडतं. तिथं फक्त ताप उतरून भागत नाही. शरीराला पुरेसं खाणं मिळतंय, वजन परत येतंय, हे कळल्याशिवाय ते ठोके नीट सुरू होत नाहीत. आजारातून उठल्यावर 'बरं झालं, बारीक झाले' म्हणून कमी जेवणाऱ्या मुलींची पाळी म्हणूनच रेंगाळते.

थांबायचं कुठवर?

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'ताप आला होता ना, म्हणून असेल' हे वाक्य कधी पुरेसं नसतं?

पहिलं, गर्भ राहायची शक्यता असेल तर आधी लघवीची टेस्ट. यात एक फसगत आहे. बीज उशिरा सुटलेलं असलं तर पाळी चुकल्याच्या दिवशी केलेली टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून पाळीच्या तारखेवरून मोजू नका. शेवटच्या संबंधानंतर २१ दिवसांनी केलेल्या टेस्टवर भरवसा ठेवा. आणि ज्या दोघांचा 'सेफ दिवस' मोजण्यावर भर आहे, त्यांनी लक्षात घ्या, आजारपणाच्या महिन्यात तो हिशोब पार कोलमडतो. बहिणीच्या ॲपवर २७ ऑगस्ट 'सेफ' दिसत होता, आणि बीज नेमकं त्याच सुमारास सुटलं.

दुसरं, ती पाळी आणायची गोळी. टेस्ट न करता, डॉक्टरला न विचारता घेऊ नका. काही गोळ्यांनी रक्त येतं, पण बीज सुटलं की नाही ते तसंच राहतं. आपल्याला वाटतं पाळी आली, आणि खरं कारण झाकलं जातं. कुणी गर्भपाताच्याच गोळ्या हातात ठेवतं, त्यानं जिवावर बेतू शकतं. बहिणीनं गोळी घेतली नाही, आणि तीन दिवसांत पाळी आपोआप आली.

तिसरं, डेंग्यू. हा वेगळा विषय आहे, कारण यात प्लेटलेट कमी होतात. ताप चालू असताना किंवा ताप उतरल्यावरच्या दोन दिवसांत पाळी आली आणि रक्त जास्त जायला लागलं, तर 'तापानं पाळी बिघडली' म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि पोटदुखीसाठी आपण सहज घेतो ती मेफेनॅमिक ॲसिडची किंवा आयब्युप्रोफेनची गोळी डेंग्यूच्या संशयात घ्यायची नाही, तिनं रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉलच. गोळीच्या पाकिटामागं घटकांची नावं छापलेली असतात, ती वाचा.

चौथं, तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं दोन तास चाललंय, चक्कर येतेय, तर कारण काहीही असो, लगेच जा. आठ दिवसांपेक्षा जास्त रक्त जात असेल तरीही दाखवा.

पाचवं, पाळी एरवी नियमित असेल आणि ९० दिवस झाले तरी आली नाही, तर डॉक्टरकडं जायचं. किंवा आजारपण होऊन तीन चक्रं झाली तरी घडी बसली नाही, तरीही. डॉक्टर बहुधा आधी गर्भाची टेस्ट, मग हिमोग्लोबिन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि गरज पडली तर सोनोग्राफी सांगतील. थायरॉइड किंवा पीसीओडी आधीपासून असतं, आणि तापाच्या निमित्तानं पहिल्यांदा लक्षात येतं, असंही होतं.

त्या रात्री मी बहिणीला तीनच प्रश्न विचारले होते. ताप कितव्या दिवशी आला, कधी उतरला, आणि आता जेवतेस का नीट? तारखा कागदावर मांडल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मी उशिरा नाहीये, माझी तारीख पुढं गेलीय." बरोबर. मग तिनं आईलाही सांगितलं. मावशीनं तो कागद बघितला, गोळीला नाही म्हणाली, आणि तिला ताटावर बसवलं.

तुमच्याही तारखा अशा सरकल्या असतील तर मांडून बघा. घरातल्या मुलांनो, हा एपिसोड तुम्हीही ऐकलात तर बरंच आहे, बहिणीसाठी दवाखान्याची गाडी बहुतेक वेळा तुम्हालाच काढायची असते. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!